साग मरत नाही, पण मोठाही होत नाही: वणवा, गवत आणि झाड यांचा हिशेब

रामटेक मागे टाकून देवलापारकडे निघालं की मार्च-एप्रिलात रस्त्यालगतच्या रानात काळे पट्टे दिसू लागतात. गवत जळून गेलेलं असतं, मोठे साग आणि ऐन जसेच्या तसे उभे असतात, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गुडघाभर उंचीची सागाची एखादी करपलेली काडी दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, गेल्या पावसाळ्यात उगवलेलं रोप वणव्यात मेलं. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी चुकीच्या असतात. ते रोप गेल्या वर्षीचं नसतं आणि ते मेलेलंही नसतं. बुंध्याशी माती उकरली तर करंगळीएवढ्या काडीखाली मनगटाएवढा मुळाचा गड्डा निघू शकतो, आणि त्यावर आधीच्या वणव्यांत जळालेल्या तीन-चार काड्यांचे काळे खुंट असतात. वरची काडी एका वर्षाची, खालचं मूळ मात्र दहा-पंधरा वर्षांचं, असं हे झाड असतं.

उष्ण प्रदेशातल्या सॅव्हानात झाड आणि गवत शेजारी शेजारी कसे टिकतात, याचं बरंचसं उत्तर या गुडघाभर काडीत आहे.

सॅव्हाना म्हटलं की डोळ्यांसमोर आफ्रिकेतली जिराफं येतात. पण शास्त्रज्ञांची व्याख्या साधी आहे: जमिनीवर उन्हात वाढणाऱ्या गवताचा सलग थर, त्यात विखुरलेली किंवा बऱ्यापैकी दाट पण माथे न जुळलेली झाडं, एक ठळक पावसाळा आणि एक लांब कोरडा काळ. या व्याख्येने पाहिलं तर मध्य भारतातली ‘शुष्क पानझडी वनं’ म्हणून नोंदलेली बरीच रानं सॅव्हाना ठरतात. जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला. सगळ्यांना तो मान्य नाही, आणि नागपूरच्या भोवतीचं प्रत्येक जंगल सॅव्हाना आहे असं म्हणणंही बरोबर होणार नाही. नाल्याकाठचं दाट, सावलीचं रान वेगळं. पण मुरमाड उतारावर साग, ऐन, मोह, तेंदू, पळस आणि त्यांच्या पायाशी कंबरभर कुसळ आणि पवन्या असेल, तर तिथली आग सॅव्हानाच्या आगीसारखी वागते, मग नोंदवहीत नाव काहीही असो.

आता कोडं असं. नागपूरला वर्षाला साधारण १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. आफ्रिकेतल्या शेकडो ठिकाणांची आकडेवारी एकत्र करून २००५ मध्ये शंकरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तिथे झाडं किती दाट होतील हे पाणी ठरवतं. त्याहून जास्त पावसात माथे जुळून सलग सावली होण्याएवढं पाणी असतं, तरीही रान मोकळं असेल तर त्याला दुसरं काहीतरी मोकळं ठेवत असतं. हा आकडा आफ्रिकेचा आहे, तो जसाच्या तसा विदर्भाला लावता येत नाही. उथळ मुरमावर आणि खोल काळ्या मातीत झाडाला मिळणारं पाणी एकसारखं नसतं. तरी प्रश्न तोच राहतो: पाणी आहे, बी आहे, रोपं तर हजारोंनी आहेत, मग ती मोठी का होत नाहीत?

मोठं झाड वणव्यात सहसा मरत नाही आणि गवतही मरत नाही. मार खातं ते या दोघांच्या मधलं, पोरगेलं झाड. म्हणून सॅव्हानात झाडं किती असतील हे मोठी किती जळली यावर फारसं ठरत नाही. दोन वणव्यांच्या मधल्या काळात किती पोरगेली झाडं ज्वाळेच्या उंचीच्या वर निसटली, यावर ते ठरतं. जी निसटत नाहीत ती दर वणव्यात जमिनीपर्यंत जळतात आणि पावसात पुन्हा मुळातून फुटतात.

ज्यांनी सागाची लागवड पाहिली आहे त्यांना हे फुटणं नवीन नाही. रोपवाटिकेत सागाचं रोप वर्षभर वाढवतात, मग खोड गड्ड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर छाटतात, बाजूची मुळं काढतात आणि वीतभर सोटमुळाचा ‘स्टंप’ खड्ड्यात लावतात. खोड नसलेला तो दांडका पावसाळ्यात धुमारे फोडतो, कारण अन्नाचा साठा मुळात असतो. वणवा जंगलातल्या रोपाचं तेच करतो. फरक एवढाच, की रोपवाटिकेत हे एकदाच होतं आणि रानात परत परत.

ज्वाळ किती वर जाते

गवताच्या आगीची ताकद मोजायला एक सोपा गुणाकार आहे. अमेरिकी संशोधक बायरम यांनी तो १९५९ मध्ये मांडला आणि आजही तोच वापरतात. एक किलो कोरडं गवत जळताना किती उष्णता निघते, गुणिले दर चौरस मीटरवर किती किलो गवत जळतं, गुणिले आगीची रेघ सेकंदाला किती मीटर पुढे सरकते. उत्तर येतं ते आगीच्या रेघेच्या प्रत्येक मीटरमागे किती किलोवॅट ताकद आहे हे. कोरड्या गवताची उष्णता किलोमागे सुमारे १८,००० किलोज्यूल धरतात. ती फारशी बदलत नाही. बदलतात ते बाकीचे दोन आकडे, आणि सगळा खेळ त्यांचा आहे.

एकच उतार दोन वेळी जळाला असं धरून चालू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण ते अशा रानात शक्य असणारे आहेत. पहिली वेळ हिवाळा सरतानाची, सकाळची. गवताच्या बुडाशी अजून ओल आहे, रात्रीचं दव पुरतं उडालेलं नाही, वारा पडलेला आहे. चौरस मीटरला ४०० ग्रॅम गवत असलं तरी त्यातलं ३०० ग्रॅमच जळतं आणि आग सेकंदाला ५ सेंटिमीटर सरकते. १८,००० गुणिले ०.३ गुणिले ०.०५ म्हणजे २७० किलोवॅट. बायरम यांच्याच दुसऱ्या सूत्राने या ताकदीची ज्वाळ साधारण १ मीटर लांब येते.

दुसरी वेळ एप्रिलातली, दुपारी तीनची. गवत कडकडीत वाळलेलं, हवा कोरडी, वारा उताराच्या वरच्या दिशेने. आता चारशेचे चारशे ग्रॅम जळतात आणि आग सेकंदाला ४० सेंटिमीटर सरकते. १८,००० गुणिले ०.४ गुणिले ०.४ म्हणजे २,८८० किलोवॅट, आणि ज्वाळ ३ मीटरची. उतार तोच, गवत तेच, झाडंही तीच. ताकद मात्र दहापट वाढली, आणि ती मुख्यतः वेगामुळे वाढली. ‘यंदा वणवा किती हेक्टरवर गेला’ हा आकडा वर्तमानपत्रात येतो. तो केव्हा आणि कुठल्या प्रहरी गेला हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून झाडांचं काय झालं ते सांगता येत नाही.

ज्वाळेच्या उंचीच्या आत असलेल्या कोवळ्या फांद्या आणि कोंब मरतात. पण बुंध्यापाशी आग सगळ्यांनाच गाठते, म्हणून दुसरी गोष्ट पाहावी लागते: साल. सालीच्या आत एक पातळ जिवंत थर असतो, तिथून खोडाची वाढ होते. तो सुमारे ६० अंश सेल्सिअसला मरतो. आगीची धग तिथवर पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. प्रचलित अंदाजाने २ मिलिमीटर सालीला सुमारे ७ सेकंद लागतात, ४ मिलिमीटरला २८, ६ मिलिमीटरला मिनिटभर, आणि १ सेंटिमीटर सालीला जवळजवळ तीन मिनिटं. गवताची आग एका जागी फार थांबत नाही. दहा-वीस सेकंदांत मुख्य ज्वाळ पुढे गेलेली असते. त्यामुळे करंगळीएवढी काडी मरते, पण मुठीत न मावणाऱ्या खोडाला काहीच होत नाही. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची जाड साल इथे कामी येते. धावड्याची साल पातळ आणि गुळगुळीत असते. त्याच जाडीच्या खोडाला तिचं संरक्षण कमी.

याला एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पडलेला ओंडका किंवा पानांचा ढीग असेल तर आग तिथे तासभर धुमसत राहते. मग जाड सालीचाही उपयोग होत नाही. मोठा मोह एका बाजूने पोकळ, काळा झालेला दिसतो, त्याचं कारण बहुधा असं धुमसणं असतं; ज्वाळेच्या उंचीचा तिथे काही संबंध नसतो.

निसटायला किती पावसाळे हवेत

वरच्याच उतारावरचा एक सागाचा गड्डा घेऊ. जळाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात जुन्या साठ्यावर फुटवा जोरात जातो, १.२ मीटर धरू. नंतर वेग कमी होतो. दर पावसाळ्यात ७० सेंटिमीटर धरू. म्हणजे पहिल्या पावसाळ्यानंतर १.२ मीटर, दुसऱ्यानंतर १.९, तिसऱ्यानंतर २.६, चौथ्यानंतर ३.३ मीटर. एप्रिलच्या ३ मीटर ज्वाळेतून शेंडा वाचवायचा तर चार पावसाळे हवेत. चार पावसाळ्यांच्या मध्ये तीन उन्हाळे येतात, आणि ते तिन्ही वणव्याशिवाय जायला हवेत.

आता समजा इथे दर तीन वर्षांनी, घड्याळ लावल्यासारखा वणवा येतो. जळाल्यापासून पुढच्या वणव्यापर्यंत तीनच पावसाळे मिळतात. झाड २.६ मीटरवर असताना आग येते आणि शेंड्यासकट खोड जातं. पुढच्या तीन वर्षांत पुन्हा तेच. शंभर वर्षं गेली तरी हा गड्डा झाड होणार नाही.

पण वणवा सरासरी तीन वर्षांनी, मात्र अनियमित येत असेल तर? दर उन्हाळ्यात आग लागण्याची शक्यता एक तृतीयांश, न लागण्याची दोन तृतीयांश. सलग तीन उन्हाळे कोरे जाण्याची शक्यता २/३ चा घन, म्हणजे २७ पैकी ८, साधारण ३० टक्के. सरासरी तीच असूनही दर दहापैकी तीन वेळा या गड्ड्याला निसटायची फट मिळते. एकाआड एक वर्ष या सरासरीने, पण अनियमित आग आली तर ही शक्यता आठात एक होते. दर वर्षी आग आली तर शून्य.

म्हणूनच परिसरशास्त्रात एकट्या वणव्याचा विचार करत नाहीत, त्याच्या शिरस्त्याचा करतात: किती वर्षांनी, कुठल्या महिन्यात, किती ताकदीने, किती सलग क्षेत्रावर, आणि हे सगळं किती नियमित. या शेवटच्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि झाडाच्या दृष्टीने बहुधा तीच सर्वांत महत्त्वाची असते. सॅव्हानात मोठी झाडं बऱ्याचदा एकाच वयोगटाच्या घोळक्यांत दिसतात. एखाद्या दशकात अशी फट मिळाली आणि शेकडो गड्डे एकदम वर निसटले, हे त्याचं एक कारण असू शकतं.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून ठरावीक तुकडे ठरावीक शिरस्त्याने जाळले जात आहेत. प्रत्येक तुकडा सुमारे ७ हेक्टरचा. काही दर वर्षी, काही दोन वर्षांनी, काही तीन वर्षांनी, वेगवेगळ्या महिन्यांत जाळायचे, आणि काहींना आग लागूच द्यायची नाही. चार दशकांनंतर मोजणी केली तेव्हा हेक्टरी झाडांची संख्या शिरस्त्यानुसार फारशी बदललेली आढळली नाही. बदललं होतं ते झाडांचं आकारमान. वारंवार जळणाऱ्या तुकड्यांत बुटकी, अनेक फुटव्यांची झुडपं जास्त होती, आणि न जळलेल्या तुकड्यांत मोठी झाडं. जीव तितकेच होते, ते ज्वाळेच्या खाली अडकलेले होते.

लवकर जाळणं आणि त्यातला मध्य भारतातला घोळ

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू उद्यानात, कापल्गा इथे, १९९० ते १९९४ मध्ये मोठ्या क्षेत्रांवर प्रयोग झाला. कोरड्या काळाच्या सुरुवातीला लावलेल्या आगींची सरासरी ताकद मीटरमागे सुमारे २,१०० किलोवॅट भरली आणि शेवटी शेवटी लावलेल्यांची ७,७०० किलोवॅट. म्हणून बऱ्याच सॅव्हाना प्रदेशांत सल्ला दिला जातो, की जळायचंच असेल तर लवकर, तुकड्यातुकड्यांनी जळू द्या. सल्ल्यामागचं तर्कशास्त्र बरोबर आहे, पण सागाच्या रानात तो आणताना एक अडचण येते.

आपल्याकडे गवत हिवाळ्यात वाळू लागतं, पण सागाची पानं त्यानंतर गळतात. जानेवारीत गवत जाळलं तर काळ्या जमिनीवर फेब्रुवारी-मार्चभर परातीएवढी पानं पडत राहतात, आणि एप्रिलपर्यंत जळणाचा नवा थर तयार होतो. एकाच मोसमात दुसऱ्यांदा आग लागू शकते. वनखात्याच्या जाळरेषा एकदा जाळून भागत नाही, पुढे महिनोन्‌महिने झाडून साफ ठेवाव्या लागतात, याचं कारण हेच. ब्लोअर पाठीवर घेऊन फिरणारे अग्निरक्षक उन्हाळाभर ही पानंच हटवत असतात.

पानांची आग गवताच्या आगीसारखी नसते, हेही इथेच सांगायला हवं. पानं सपाट पडतात, त्यांच्यात हवा कमी खेळते. ज्वाळ घोट्या-गुडघ्याएवढी राहते आणि आग हळू सरकते. वरचा ३ मीटरचा हिशेब अशा आगीला लागू नाही. ती मोठी पोरगेली झाडं सोडते, पण त्या वर्षीची कोवळी रोपं आणि पानांत पडलेलं बी मारते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, ती आग या प्रकारची असते. ती पाचोळ्यातून सरकत उतारावरच्या गवतात शिरली की तिची जात बदलते.

लवकर जाळण्यात होणारी दुसरी चूक म्हणजे फार लवकर जाळणं. गवत बुडाशी हिरवं असताना आग ठिपक्याठिपक्यांनी जाते आणि अर्धं जळण शिल्लक राहतं. काम झालं असं समजून पहारा ढिला पडतो, आणि उरलेलं एप्रिलात पेटतं. उशिराच्या आगीची हानी मात्र ताकदीपुरती नसते. उन्हाळ्यात नवी पालवी काढणाऱ्या झाडांनी मुळातला साठा नुकताच पानांवर खर्च केलेला असतो. अशा वेळी जळालेल्या गड्ड्याला पुन्हा फुटायला हाताशी कमी अन्न उरतं.

गवताची बाजू

आग लागली की गवताचं नुकसान झालं असं वाटतं, पण एप्रिलात जे जळतं ते गवताचं आधीच मेलेलं अंग असतं. पुढच्या वर्षीचे कोंब जमिनीलगत किंवा किंचित खाली, जुन्या पानांच्या आवरणात असतात. माती उष्णता फार वाईट वाहून नेते. गवताच्या आगीत काही सेंटिमीटर खाली फारसा फरक पडत नाही. कुसळाची सोय त्याहून पुढची आहे. बियाला जोडलेला लांब काटा कोरडेपणाने पिळतो आणि ओलाव्याने उलगडतो, आणि या पिळण्या-उलगडण्याने बी मातीत शिरतं. आपल्या पायजम्यात कुसळ घुसतं ते याच युक्तीने.

उलट, जिथे आगही लागत नाही आणि गुरंही चरत नाहीत, तिथे हीच गवतं अडचणीत येतात. जुनी काडं तशीच उभी राहतात, त्यांच्या सावलीत नवे कोंब गुदमरतात, आणि काही वर्षांत ठोंब मधून मरू लागतात. ही गवतं कडक उन्हाची आहेत. म्हणून त्यांचा खरा वैरी सावली.

इथून एक चक्र सुरू होतं. गवत आहे म्हणून आग पसरते. आग पसरते म्हणून पोरगेली झाडं खाली राहतात. ती खाली राहतात म्हणून ऊन पडतं. ऊन पडतं म्हणून गवत टिकतं. पण पुरेशी झाडं निसटली तर चक्र उलटं फिरतं. सावली वाढली की गवत विरळ होतं आणि आगीला सलग वाट मिळत नाही. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या उपग्रह नोंदींत असं दिसलं आहे, की झाडांचं छत्र जमिनीच्या सुमारे ४० टक्क्यांवर गेलं की मोठ्या क्षेत्रावर जळणं एकदम कमी होतं. हा उतार हळूहळू नाही, कडा आहे. त्यामुळे सारख्याच पावसाच्या, सारख्याच मातीच्या दोन शेजारच्या टेकड्यांपैकी एक गवताची आणि दुसरी दाट झाडीची राहू शकते, आणि दोन्ही आपापल्या जागी पक्क्या.

नायजेरियातल्या ओलोकेमेजी इथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात हे फार स्पष्ट दिसलं. आग पूर्ण बंद केलेल्या तुकड्यावर दाट जंगल उभं राहिलं, आणि दर वर्षी उशिरा जाळलेल्या तुकड्यावर गवत आणि आग सोसणारी मोजकी झाडं. आग बंद करणं म्हणजे रानाला मूळ रूप परत देणं, असं त्यावरून म्हणता येत नाही. जुन्या गवताळ सॅव्हानाच्या जागी दाट झाडी आली, तर उन्हातली गवतं, त्यांच्यात राहणाऱ्या पाखरांच्या आणि किड्यांच्या जाती तिथून जातात.

घाणेरी या चक्रात बाहेरून शिरली आहे. ती गवतावर सावली धरते, म्हणजे झाडासारखी वागते. पण तिच्या वाळलेल्या फांद्यांची जाळी जमिनीपासून डोक्यापर्यंत उभी असते, म्हणून एकदा पेटली की ज्वाळ शेंड्यापर्यंत चढते. शिवाय ती बुडातून पुन्हा फुटते. तिच्या पट्ट्यात वर दिलेला कुठलाच आकडा वापरू नये.

आपल्या समोरचा उतार कसा वाचायचा

ज्यांना परवानगीने एखाद्या रानात मोजणी करता येते, त्यांना दोन दिवसांत बरंच कळू शकतं. पहिलं काम जळण मोजणं. बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करावी. चालत जाऊन दर पन्नास पावलांवर ती टाकावी, अशी निदान दहा वेळा. आतलं सगळं गवत जमिनीलगत कापून वजन करावं, त्यातलं २०० ग्रॅम पिशवीत घालून वजन स्थिर होईपर्यंत वाळवावं. समजा चौकटीत ५२० ग्रॅम निघालं आणि २०० ग्रॅमचं वाळून १६० झालं, तर कोरडं जळण ५२० गुणिले ०.८, म्हणजे ४१६ ग्रॅम. पाचोळा वेगळा मोजावा, गवतात मिसळू नये, कारण तो वेगळी आग देतो. नेहमीची चूक म्हणजे डोळ्यांत भरणाऱ्या ठोंबांवर चौकट ठेवणं; म्हणून पावलं मोजायची आणि जिथे पडेल तिथे ठेवायची. दुसरी चूक डिसेंबरात मोजून एप्रिलचा अंदाज बांधणं. मधल्या काळात गुरं अर्धं गवत खाऊन जातात. चराई जड असलेल्या गावशिवारात आग पसरतच नाही ती यामुळे, आणि तिथली पोरगेली झाडं खुंटलेली असतील तर दोष वणव्याचा नसून दातांचा किंवा कुऱ्हाडीचा असतो.

ते ओळखायला दुसरं काम: उंचीची मोजणी. दहा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब पट्ट्यातली प्रत्येक झाडाची उंची गटांत लिहावी, १ मीटरच्या आत, १ ते २, २ ते ३, ३ ते ४, आणि पुढे. वणव्यात अडकलेल्या रानाची खूण अशी, की २ मीटरच्या आत झुंबड असते, २ ते ४ मीटरमध्ये जवळजवळ कोणी नसतं, आणि मग एकदम मोठी झाडं. बुटक्यांची बुडं पाहावी. काळे, बोथट खुंट आणि त्यांच्या शेजारून नवा फुटवा असेल तर आग. तिरकी, स्वच्छ कापलेली खूण असेल तर कोयता. तेंदूच्या बाबतीत जास्त सावध राहावं: पानं कोवळी आणि मोठी यावीत म्हणून त्याची खुटकटाई करतात, आणि तेंदू लांब पसरलेल्या मुळांवरूनही फुटतो. त्याच्या बुटकेपणावरून वणव्याचा निष्कर्ष काढू नये. साग, ऐन, लेंडिया यांच्याकडे पाहावं.

मोठ्या झाडांच्या बुंध्यावर काळी पडलेली साल कुठवर गेली आहे तेही मोजावं. त्यातून मागच्या आगीच्या ज्वाळेचा अंदाज येतो, मात्र तो वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला फुगलेला असतो, कारण ज्वाळ खोडामागे वर चढते. म्हणून दोन्ही बाजू मोजून कमी असलेली उंची धरावी.

राखीव वनात स्वतः आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, प्रयोग म्हणूनही. जाळरेषा, आळीपाळीने तुकडे वाचवणं, हे निर्णय वनखात्याचे. पण तुकडे वाचवायचे ठरलंच तर वरच्या हिशेबातून एक गोष्ट निघते. दर वर्षी सगळ्या क्षेत्रात थोडी थोडी आग कमी करण्यापेक्षा एक तुकडा निवडून तो सलग तीन उन्हाळे पूर्ण राखणं झाडांसाठी जास्त कामाचं. दोन उन्हाळे राखून तिसऱ्यात जळाला, तर २.६ मीटरची सगळी झाडं पुन्हा जमिनीवर येतात, आणि तीन वर्षं साठलेल्या गवतामुळे ती आग नेहमीपेक्षा जोराची असते. त्यामुळे राखलेल्या तुकड्यात सर्वांत कडक पहारा लागतो तो तिसऱ्या वर्षीच्या मार्च ते मे मध्ये. चौथ्या पावसाळ्यानंतर त्याच पट्ट्यात पुन्हा उंची मोजावी. ३ ते ४ मीटरच्या रिकाम्या रकान्यात आकडे पडू लागले असतील, तर तिथले गड्डे निसटले.